रात्री दोनचं औषध आणि झोपलेला फोन

घरातल्या आजारी माणसाला रात्री दोन वाजता औषध द्यायचं आहे, असं समजू. अकरा वाजता अँड्रॉइड फोन सायलेंट करून टेबलावर ठेवला, चार्जरला लावला नाही. दोनची आठवण तीन ठिकाणी लावली आहे: घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये गजर, कॅलेंडरमध्ये नोंद, आणि तिसरं एक अ‍ॅप, ज्याचं नोटिफिकेशन इंटरनेटवरून येतं.

स्क्रीन बंद, चार्जिंग नाही आणि फोन जागचा हललेला नाही, असं बराच वेळ राहिलं की फोन गाढ झोपी जातो. या अवस्थेला डोझ म्हणतात. 2015 साली अँड्रॉइड 6 मध्ये ती आली. या झोपेत अ‍ॅपचं इंटरनेट बंद असतं. फोन मधूनच थोडा जागा होतो आणि तुंबलेली कामं उरकून घेतो, पण रात्र सरते तशी ही जाग विरळ होत जाते. म्हणून तातडीचं असा शिक्का नसलेलं नोटिफिकेशन दोनला निघालं तरी फोनला पुढची जाग येईपर्यंत अडकून राहतं. सकाळी फोन उचलल्यावरच ते दिसलं, असंही होतं.

कॅलेंडरची नोंद फोनमध्येच असते, त्यामुळे तिचं इंटरनेटवाचून अडत नाही. ती बहुधा वेळेवर येते. पण येते ती नोटिफिकेशन म्हणूनच: एकदा टिंग वाजून गप्प. फोन सायलेंट असेल तर तेही नाही. शिवाय नोंद संगणकावर केली असेल आणि ती फोनपर्यंत पोहोचलीच नसेल, तर काहीच होत नाही.

गजराचं तसं नाही. घड्याळाचं अ‍ॅप `setAlarmClock` या खास सोयीने वेळ नोंदवतं, आणि ती वेळ जवळ आली की सिस्टीम स्वतःच डोझमधून बाहेर पडते. गजराचा आवाजही वेगळा असतो, रिंगच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. म्हणून सायलेंट फोनवरही तो वाजतो, आणि एकदाच नव्हे, वाजतच राहतो. आयफोनच्या घड्याळातला गजरही सायलेंटला जुमानत नाही. माझ्या मते रात्रीच्या औषधासाठी भरवसा ठेवावा तो गजरावरच.

गजर नीट लागला का, हे बहुतेक अँड्रॉइड फोनवर वरच्या पट्टीतल्या छोट्या घड्याळाच्या चिन्हावरून कळतं. औषधाच्या अ‍ॅपने वेळ लावल्यावर तेच चिन्ह उमटलं, तर तेही बहुधा याच वाटेने जात आहे.

तरीही गजर फसतो. बॅटरी संपली, गजराचा आवाज शून्यावर गेला, किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये गजरही बंद ठेवायचं निवडलेलं असलं, की तो वाजत नाही. म्हणून झोपण्याआधी फोन सायलेंट करूनच दोन मिनिटांनंतरचा गजर लावून पाहा. वाजला, की मग दोनचा लावा आणि फोन चार्जरला जोडून ठेवा.