सरासरी वाढली म्हणजे माणसं शिकली का? प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची प्रश्नावली

प्रशिक्षणाच्या अहवालात गटाची सरासरी वाढणं आणि गटातली माणसं शिकणं या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात. आशाताईंसाठी जुलाब, ओआरएस आणि झिंक या विषयावरचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या. समजा, सकाळी ३० जणींनी दहा गुणांची प्रश्नावली सोडवली आणि सरासरी ५ आली. संध्याकाळी २४ जणीच उरल्या, त्यांची सरासरी ६.५. वाढ दीड गुणाची दिसते. पण लवकर गेलेल्या सहा जणींची सकाळची सरासरी ३ असेल, तर थांबलेल्यांची सकाळचीच सरासरी ५.५ होती. म्हणजे त्या शिकल्या एका गुणापुरतं. उरलेला अर्धा गुण सहा जणी निघून गेल्याने आला. प्रत्येकीचे दोन कागद जोडल्याशिवाय हे कळतच नाही.

मग नाव न विचारता कागद जोडायचे कसे? एकाच दिवसाचं प्रशिक्षण असेल तर मी दोन्ही कागदांवर आधीच एकच क्रमांक छापते, दोन्ही एकत्र टाचते आणि गठ्ठ्यातून ज्याचा त्याला उचलायला सांगते. नंतरची प्रश्नावली महिन्याभराने द्यायची असेल, तर प्रत्येकीने स्वतःचा संकेतांक बनवावा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मगावाचं पहिलं अक्षर, थोरल्या भावंडांची संख्या आणि जन्मतारखेचा दिवस. मोबाईलचे शेवटचे आकडे नकोत, नंबर बदलतात. जन्मतारखेवरही फार भिस्त नको, कारण शाळेत १ जून लावलेल्या कितीतरी जणी एकाच गटात निघतात. 'सु' लिहायचं की नुसतं 'स', हेही फळ्यावर उदाहरण देऊन ठरवावं. चारपैकी तीन खुणा जुळल्या आणि गटात दुसरी तशी कुणी नसेल, तर जोडी धरावी; हा नियम गुण पाहण्याआधी ठरलेला हवा. एकमेकींना ओळखणाऱ्या छोट्या गटात मात्र असा संकेतांक सहज फुटतो, म्हणून कागद वरिष्ठांच्या हाती जाणार नाहीत, हे आधीच सांगावं आणि पाळावं.

कागद जुळले तरी प्रश्नही जुळायला हवेत. सकाळी 'दोन वर्षांच्या बाळाला झिंक किती दिवस द्यायचं?' असं विचारलं आणि संध्याकाळी 'झिंक का देतात?' असं विचारलं, तर वजाबाकीला अर्थ उरत नाही. तोच प्रश्न शब्दशः ठेवणं सगळ्यात सुरक्षित, फक्त सकाळची उत्तरं मध्ये फोडू नयेत. १४ दिवस हे उत्तर नुसतं पाठ झालंय अशी शंका असेल, तर जोडीला एक प्रसंग दोन्ही वेळा द्यावा: चार महिन्यांच्या बाळाला २० मिलिग्रॅमची गोळी किती? अर्धी. प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' हा पर्याय ठेवावा, नाहीतर सकाळचे अंदाजाने मिळालेले गुण खरी वाढ झाकून टाकतात.