उंच दिसतो तो मोठा असतोच असे नाही

समजा, गोव्यातल्या एका काजू व्यापाऱ्याने बार्देश, सासष्टी आणि पेडणे या तीन तालुक्यांतली वर्षभराची विक्री एका मारिमेक्को आलेखात मांडली आहे. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. एकूण विक्रीत बार्देशचा वाटा ५० टक्के, सासष्टीचा ३० आणि पेडण्याचा २०. त्याच प्रमाणात तीन खांबांची रुंदी आहे, उंची मात्र तिन्हींची सारखी, १०० टक्के. प्रत्येक खांब सालीसकट भाजलेले, सोललेले आणि मसाला काजू अशा तीन रंगांत विभागलेला.

पेडण्याच्या खांबात मसाला काजूचा पट्टा ६० टक्के उंच आहे, बार्देशमध्ये ४०. पाहणारा लगेच म्हणतो, मसाला काजू पेडण्यातच जास्त खपतो. पण आडवा अक्ष अजून वाचायचा राहिला आहे. पेडण्याचे २० टक्के आणि त्यातले ६० टक्के म्हणजे एकूण बाजाराचे १२ टक्के. बार्देशचे ५० आणि त्यातले ४० म्हणजे २० टक्के. पेडणेकरांना मसाला काजू अधिक आवडतो हे खरे, पण व्यापाऱ्याचा जास्त माल बार्देशमध्येच जातो. उंचीवरून कळते त्या तालुक्याची आवड, क्षेत्रफळावरून कळतो बाजारातला वाटा. प्रश्न कोणता विचारायचा आहे ते आधी ठरवावे.

सरासरी काढतानाही हेच विसरले जाते. सासष्टीत मसाला काजू ३० टक्के आहे. तिन्ही उंचींची साधी सरासरी ४३ टक्क्यांच्या आसपास येते. खरा वाटा २०, ९ आणि १२ यांची बेरीज, म्हणजे ४१. इथे फरक थोडा आहे. खांबांच्या रुंदीत आणि आवडींत तफावत जास्त असेल तर तो बराच वाढू शकतो.

माझी या आलेखाबद्दलची मुख्य तक्रार मधल्या पट्ट्यांबद्दल आहे. तळाचे पट्टे एकाच रेषेवरून सुरू होतात, वरचे एकाच रेषेवर संपतात, म्हणून त्यांची उंची सहज ताडता येते. मधले सोललेले काजू प्रत्येक खांबात वेगळ्या उंचीवर अधांतरी असतात. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की समान मापपट्टीवरच्या जागांची तुलना माणूस बरीच अचूक करतो, क्षेत्रफळाचा अंदाज मात्र चुकतो. म्हणून पट्ट्यांवर टक्के आणि खांबाखाली त्याची रुंदी छापलेली नसेल, तर असा आलेख पाहून निर्णय घेऊ नये. खांब मुळातच सारख्या रुंदीचे असतील तर तो मारिमेक्को नव्हेच, साधा रचित स्तंभालेख आहे.

दोन वर्षांचे आलेख शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट लपते. दोन्ही पूर्ण १०० टक्के रुंद. बार्देशचा खांब ५० वरून ४५ वर आला तर विक्री घटली असे वाटते. पण एकूण बाजार १० कोटींवरून १२ कोटींवर गेला असेल, तर बार्देशची विक्री ५ कोटींवरून ५ कोटी ४० लाखांवर चढलेली असते. ही चढण आलेखात कुठेच दिसत नाही. त्यासाठी मथळ्याशेजारी त्या त्या वर्षाची एकूण रक्कम लिहिलेली हवी.