बाळाच्या कार्डावरची ती रेघ आली कुठून?

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या एमआर लसीला नेतात, तेव्हा सिस्टर वजन करतात आणि माता बाल संरक्षण कार्डातल्या ग्राफवर एक ठिपका देतात. मुलीचा ग्राफ गुलाबी, मुलाचा निळा, आत हिरवा, पिवळा आणि केशरी पट्टा. आता समजा मालवणकडची एक मुलगी आहे, फक्त आईच्या दुधावर वाढलेली, सहा महिन्यांनंतर मऊ भात, नाचणीचं सत्त्व सुरू केलेली. तिसऱ्या महिन्यात वजन 5.2 किलो, सहाव्यात 6.5, नवव्यात 7.3. घरी आजीचं एकच चालू असतं, "चेडवाक दूध पुरना नाय गो, वरचा दूध दी." आता ही मुलगी नीट वाढतेय की मागे पडतेय? गंमत नाही, पण याचं उत्तर 2006 च्या आधी वेगळं आलं असतं आणि आज वेगळं येतं. मुलगी तीच, वजन तेच, फक्त ग्राफ बदलला. तो का बदलला हे प्रत्येक आईला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुलांची उंची नियमित मोजून ठेवायची कल्पना तशी जुनी आहे, फ्रान्समधे मोंबेयार नावाच्या एका उमरावाने 1759 पासून 1777 पर्यंत स्वतःच्या मुलाची उंची मोजत नेली होती. पण ग्राफ आईच्या हातात द्यायचा हा विचार खूप नंतरचा, तो रुजवला डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी, नायजेरियातल्या इमेसी-इले गावात काम करताना. कार्ड दवाखान्यात न ठेवता आईने घरी जपायचं आणि मूल सुकायला लागायच्या आधी रेघ सपाट झालेली दिसली पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. आपल्याकडे 1975 मधे अंगणवाडी योजना सुरू झाली आणि दर महिन्याचं वजन तिथे आलं.

खरा घोळ होता तो तुलनेत. ग्राफवरच्या रेघा कुणाच्या तरी मुलांवरून काढाव्या लागतात ना, तर अंगणवाडीत कुपोषणाच्या श्रेणी 1 ते 4 ठरायच्या त्या अमेरिकेतल्या बोस्टनच्या मुलांच्या जुन्या आकड्यांवरून, आणि 1977 साली जो अमेरिकन चार्ट आला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जगभर वापरायला दिला त्यातला तान्ह्या बाळांचा भाग आला होता ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज नावाच्या एका छोट्या गावाच्या परिसरातल्या मुलांवरून, 1929 ते 1975 मधे मोजलेल्या. एकाच भागातली गोरी मुलं, बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली, शिवाय मोजमाप तीन-तीन महिन्यांनी, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत वजन किती झपाट्याने चढतं ते त्यात नीट पकडलंच गेलं नाही.

आईच्या दुधावरचं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं, मग वेग आपोआप कमी होतो, हा त्याचा स्वभावच. बाटलीवरच्या बाळाचा वेग तसा उतरत नाही. आता आपल्या मुलीचे आकडे जुन्या चार्टवर ठेवून बघा. मधली रेघ तिसऱ्या महिन्यात 5.4 किलो, म्हणजे आपली 5.2 वाली जवळपास तिथेच, 96 टक्के. सहाव्या महिन्यात मधली रेघ 7.2, आपली 6.5, म्हणजे 90 टक्के. नवव्यात 8.6 ला 7.3, म्हणजे 85. आणि ती अशीच वाढत वर्षाची झाली की 7.9 किलो भरेल, तेव्हा जुनी रेघ 9.5 वर, म्हणजे 83 टक्के. कार्ड बघणाऱ्याला काय दिसणार, मुलगी सतत घसरतेय! मग सल्ला ठरलेला, आईचं दूध कमी पडतंय, पावडरचं दूध द्या. एकदा बाटली लागली की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात बघा, आम्ही म्हणत होतोच. त्यात बाटली आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब, आणि तेव्हा वजन खरोखर पडतं. म्हणजे निरोगी बाळाला चार्टनेच आजाराच्या वाटेला लावलं, आणि दोष मात्र आईच्या माथी.

यावरून जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 मधे नव्याने मोजणी केली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं अक्रा, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ओस्लो, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली, मिळून साधारण 8,500 मुलं. आई सिगरेट न ओढणारी, घरची परिस्थिती वाढीला आड न येणारी, आणि बाळ अंगावर पिणारं, अशीच कुटुंबं घेतली. म्हणजे मुलं कशी वाढतात एवढंच नाही तर नीट सांभाळली तर कशी वाढायला हवीत, हे मोजलं. सहाही ठिकाणी मुलांची लांबी जवळजवळ सारखीच वाढली, त्यामुळे आपली मुलं जातीचीच लहानखुरी हे म्हणणं या वयात तरी टिकत नाही.

एप्रिल 2006 मधे आलेल्या या चार्टवर आपल्या मुलीला बसवा. मधल्या रेघेच्या खाली जी पहिली रेघ आहे तिचे आकडे तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांना 5.2, 6.5, 7.3 आणि 7.9 असेच आहेत. म्हणजे मुलगी एका रेघेवरून सरळ चाललीय, हिरव्या पट्ट्यात, कुठे घसरलेली नाही. कमी वजनाचा पिवळा पट्टा नवव्या महिन्यात 6.5 च्या खाली लागतो आणि खूप कमी वजनाचा केशरी 5.8 च्या खाली.

म्हणून एका ठिपक्यावरून काही ठरवू नका, आधीचे ठिपके जोडून रेघ कुठे वळतेय ते बघा. हीच मुलगी सातव्या महिन्यात 6.8 आणि नवव्यातही 6.8 च असती तर रंग हिरवाच राहिला असता पण मला काळजी वाटली असती, कारण रेघ आडवी झाली. मग आधी वजन परत करायचं, त्याच काट्यावर, कपडे काढून, काटा शून्यावर आणून, आणि तरी तेच आलं तर ताप-जुलाब होऊन गेले का, दिवसातून किती वेळा भरवता, नुसती पातळ पेज देता का की त्यात डाळ, तूप, मासा पडतो, हे विचारायचं. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर जितके आठवडे लवकर तितके वयातून वजा करून ठिपका द्यायचा, नाहीतर पहिलं वर्षभर ते उगाच मागे दिसत राहतं.

कार्डात बाळ काय-काय करायला लागलं तेही असतं, आणि त्याच अभ्यासात पाच ठिकाणी तेही बघितलं होतं. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकटं चालणं 8.2 ते 17.6 महिने, इतका मोठा फरक निरोगी मुलांत निघाला. शेजारचा दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्याला घाबरायचं कारण नाही. रांगण्याचं तर असं की 4 टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्यामुळे नऊ महिन्यांची आपली मुलगी ढुंगणावर सरकत पुढे जात असेल तर जाऊ दे, पण आधाराशिवाय अजून बसतच नसेल तर लसीच्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, दीड वर्षाच्या डोसापर्यंत थांबू नका. आणि जे आधी येत होतं ते यायचं बंद झालं, म्हणजे हाक मारली की वळून बघायची ती आता वळत नाही, असं काही असेल तर महिने मोजत न बसता त्याच आठवड्यात दाखवा.