सात वर्षांचा अनुभव आणि वय तिशीच्या आत

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्याला अकाउंटंट हवा असला, की जाहिरात साधारण अशी निघते:

«अकाउंटंट पाहिजे. एम.कॉम. आवश्यक. उत्पादन क्षेत्रातला किमान ७ वर्षांचा अनुभव. वय ३० च्या आत. टॅली, एसएपी, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल. जीएसटी, टीडीएस, पीएफ, ईएसआय, आयकर, ऑडिट, आयात-निर्यात यांचे संपूर्ण ज्ञान. इंग्रजीवर प्रभुत्व. दबावाखाली काम करण्याची तयारी. स्वतःची दुचाकी. पगार मुलाखतीत ठरेल.»

ही जाहिरात मी जुळवलेली आहे, पण तुम्ही अशीच एखादी नक्की वाचली असणार. आता हिशोब बघा. सरळ शिकत गेलेला मुलगा एम.कॉम. होतो तो बावीस-तेविसाव्या वर्षी. त्यात सात वर्षं मिळवली की झाली तीस. म्हणजे पहिल्या तीन अटी एकत्र वाचल्या तर नोकरी करता करता बाहेरून एम.कॉम. केलेले थोडे लोक सोडून जवळपास कुणीच उरत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण त्याने प्रत्येक अट सुटी सुटी वाचलेली असते आणि सुटी वाचली तर प्रत्येक अट रास्तच वाटते.

गोम इथेच आहे. अटी लिहिताना आपण बेरीज करतो, पण त्यांचा परिणाम गुणाकाराने होतो. समजा, परिसरात काम शोधणारे एक हजार अकाउंटंट आहेत आणि कुठलीही एक अट त्यांच्यातल्या शंभरातल्या सत्तर जणांना लागू पडते. चार अटी घातल्या तर ०.७ चार वेळा गुणायचे, म्हणजे हजारातले साधारण २४० उरतात. दहा घातल्या तर उरतात २८. प्रत्यक्षात आकडा इतका खाली जात नाही, कारण अटी एकमेकींशी बांधलेल्या असतात. जीएसटी येणाऱ्याला टीडीएसही बहुधा येतोच. पण एसएपी, आयात-निर्यात, इंग्रजी आणि दुचाकी यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, आणि गळती होते ती अशाच सुट्या अटींवर.

बरं, या गळतीतून मागे राहणारे अठ्ठावीस जण सर्वांत चांगले असते तरी एक वेळ चाललं असतं. तसं होत नाही. २०१४ मध्ये अमेरिकन लेखिका टारा मोर यांनी हजारावर स्त्री-पुरुषांना विचारलं, की अटी पूर्ण होत नव्हत्या म्हणून तुम्ही अर्ज केला नाही, तो का? बहुतेक अमेरिकन नोकरदार असलेल्या या लोकांचं सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर ‘काम जमणार नाही’ असं नव्हतं. ‘अटीत बसत नाही, तर घेणार नाहीत, उगीच वेळ कशाला घालवा’ असं ते होतं. म्हणजे जाहिरात खरी मानणारा माणूस घरी बसतो आणि ‘लिहिलेलं असतं तसं, टाकून तर बघू’ म्हणणारा अर्ज करतो. हिशोबाच्या कामाला यातला कोण हवा, हे मालकानेच ठरवावं.

मग या याद्या फुगतात कशा? एक कारण बाजाराचं. २००८ नंतरच्या मंदीचा अभ्यास करणाऱ्या मोडेस्टिनो, शोअग आणि बॅलन्स या अर्थशास्त्रज्ञांना अमेरिकेत असं दिसलं, की बेकारी वाढली की त्याच कामासाठीच्या अटीही वाढतात. माणसं रांगेत उभी असली की मागायला पैसे पडत नाहीत. दुसरं कारण घरचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. नऊ वर्षं काम करून जुना अकाउंटंट सोडून जातो. मालक त्याला डोळ्यांसमोर आणून यादी लिहितो: तो निर्यातीचे कागद करायचा, पीएफचं बघायचा, इन्कम टॅक्सवाल्यांशी बोलायचा. पण हे सगळं तो याच टेबलावर बसून शिकला होता. जाहिरात निघते ती जाताना तो जसा होता त्या माणसासाठी. येताना तो कसा होता हे कुणाला आठवत नाही.

अशी अट कामाशी जुळते की नाही, याची एक प्रसिद्ध तपासणी न्यायालयात झाली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीने डॅन रिव्हर वीजकेंद्रात १९५५ पासून मजुरी सोडून बाकी विभागांत जायला हायस्कूलचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. १९६५ मध्ये, भेदभावविरोधी कायदा लागू झाला त्याच दिवशी, दोन लेखी चाचण्यांची भर घातली. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी हायस्कूल पूर्ण केलं होतं आणि कृष्णवर्णीयांपैकी फक्त १२ टक्क्यांनी. तिथले कृष्णवर्णीय कर्मचारी ग्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कंपनीविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये ते जिंकले. निकालातली एक बाब आपल्या कामाची आहे. अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले कर्मचारी त्याच विभागांत काम करत होते आणि बढत्याही मिळवत होते. अट निरुपयोगी आहे याचा पुरावा कंपनीच्याच हजेरीपटावर होता. आपल्या कार्यालयातही ही तपासणी करता येते: आज जे चांगलं काम करताहेत, त्यांच्यातले किती जण या जाहिरातीत बसले असते?

अनुभवाच्या वर्षांचं काय? ही अट सर्वांत निरुपद्रवी दिसते. व्हॅन इडेकिंगे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिलं, की नोकरीत येण्याआधीचा अनुभव आणि आल्यानंतरचं काम यांचा संबंध किती. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशा पट्टीवर उत्तर आलं सुमारे ०.०६. यातलं मोजमाप निवड झालेल्यांचंच आहे, त्यामुळे अगदी कोरा माणूस आणि मुरलेला माणूस सारखेच, असा अर्थ काढू नये. पण तीन वर्षं की सात, यावरून फारसं काही कळत नाही. माणूस सुरुवातीला भराभर शिकतो, मग वेग मंदावतो. शिवाय ‘सात वर्षं’ हा आकडा खुर्चीत घालवलेला काळ सांगतो. त्या काळात त्याने फक्त व्हाउचर चिकटवली की रिटर्नसाठीचा ताळमेळ स्वतः लावला, हे सांगत नाही.

म्हणून यादी कापायला बसताना आधी यादी बाजूला ठेवायची आणि कामाचा महिना समोर घ्यायचा. आपल्या कारखान्याची उलाढाल सहा-सात कोटी आणि रिटर्न दरमहा भरायचं आहे, असं धरू. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा. ११ ला विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१. १४ ला पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावे कोणती बिलं दाखवली त्याची यादी. १५ ला पीएफ-ईएसआय. २० ला जीएसटीआर-३बी आणि कराचा भरणा. मधल्या रोजच्या दिवसांत बिलांच्या नोंदी, ई-इनव्हॉइस, माल बाहेर पडताना ई-वे बिल आणि बँकेचा ताळमेळ.

मग मालकाला आणि सीएला एकच प्रश्न विचारायचा: गेल्या वर्षात या टेबलावर नेमकं काय चुकलं आणि नेमकं कशामुळे वाचलो? सर्वसाधारण मत नको, घडलेला प्रसंग हवा. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना ही पद्धत घडवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ असं विचारलं की ‘धाडसी, हुशार’ अशी विशेषणं मिळतात. ‘तेव्हा त्याने काय केलं’ असं विचारलं की काम दिसतं. आपल्या कारखान्यात उत्तर बहुधा १४ ते २० तारखेच्या मधलं येईल. पुरवठादाराने बिल चढवलंच नाही, ते २बी मध्ये आलं नाही, त्यावरच्या कराची वजावट अडकली आणि तेवढी रोख रक्कम ऐनवेळी उभी करावी लागली. हे १६ तारखेला ओळखून पुरवठादाराला फोन करणारा माणूस हवा आहे. एम.कॉम.चा, एसएपीचा आणि इंग्रजीवरच्या प्रभुत्वाचा या प्रसंगात उल्लेखही नाही.

आता यादीकडे परत. प्रत्येक अटीला विचारायचं, की ही गोष्ट पहिल्याच महिन्यात लागणार का, आणि लागणार असेल तर आपण ती कशी तपासणार? टॅली पहिल्या दिवशी लागतं, ते राहील. एसएपी कारखान्यात नाहीच, ते जाईल. पीएफचं चलन दोन महिन्यांत शिकवता येतं. ऑडिट सीए करतो. ‘दबावाखाली काम’ कुणी तपासत नाही, आणि खरं तर ते २० तारखेचंच दुसरं नाव आहे. दुचाकीची अट कशासाठी होती? वसाहतीत बस येत नाही म्हणून. मग तेच लिहावं, कसं यायचं ते येणारा बघेल.

«अकाउंटंट पाहिजे. चाकण, यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, ४० कामगार.
काम: खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅलीत, ई-इनव्हॉइस व ई-वे बिल, बँकेचा ताळमेळ, दरमहा २बी ताडून जीएसटीची आकडेवारी सीएकडे देणे.
येताना हवे: टॅलीवर स्वतः केलेले काम, जीएसटीच्या मासिक रिटर्नची तयारी किमान एक वर्ष केलेली असावी.
इथे शिकवू: पीएफ-ईएसआय, निर्यातीची कागदपत्रे.
निवड: अर्ध्या तासाची चाचणी आणि मुलाखत.
पगार २५ ते ३० हजार. कारखान्यापर्यंत बस नाही.»

अटी सोळाच्या आसपास होत्या, दोन उरल्या. गाळण्याचं काम आता चाचणीकडे गेलं. तीस ओळींची खरेदी नोंदवही आणि अठ्ठावीस ओळींचं २बी असे दोन कागद द्यायचे. एका पुरवठादाराने बिल चढवलेलं नाही, एकाचं बिल पुढच्या महिन्यात गेलंय, एका ओळीत कराचा आकडा उलटा पडलाय, आणि एक बिल पुरवठादाराच्या गुजरातच्या शाखेचं असताना नोंद महाराष्ट्राच्या नंबरवर झालीय. तिथे २४ ने सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाऐवजी २७ ने सुरू होणारा पडलेला असतो. जाणकार माणूस हे शोधतो आणि कुणाला फोन करायचा तेही लिहितो.

सगळ्याच अटी अशा कापता येत नाहीत. बॉयलर चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र किंवा ऑडिटवर सही करणाऱ्याची सीएची पदवी कायद्याने लागते, तिथे प्रश्नच नाही. आणि नुसती जाहिरात बदलून माणूस बदलत नाही, हेही दिसलेलं आहे. अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांनी पदवीची अट गाजावाजा करून काढली. बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा या बदलामुळे संधी मिळाल्याचं प्रमाण सातशे नेमणुकांत एकही भरलं नाही. कागदावरची अट गेली, पण अर्ज चाळणाऱ्याच्या डोक्यातली राहिली. आपल्या उदाहरणात मालकाचा भाचा अर्जांच्या गठ्ठ्यातून आधी एम.कॉम.वाले वेगळे काढत असेल, तर नव्या जाहिरातीचा काहीएक उपयोग नाही.

अर्ज वाढतील, त्यात काम न येणारेही असतील. म्हणून अर्जांची संख्या मोजू नये. जुन्या आणि नव्या, दोन्ही जाहिरातींवर आलेल्यांना तीच चाचणी द्यावी आणि किती जणांनी चारही चुका पकडल्या ते मोजावं. नव्या जाहिरातीवर ही संख्या वाढली नाही, तर आधी पगाराचा आकडा तपासावा, आणि तोही बाजारभावाला धरून असेल, तर ‘किमान एक वर्ष’ या ओळीत आणखी काय स्पष्ट लिहायला हवं ते बघावं.