छत्तीस म्हणजे २९ ते ४३

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीपासून जिल्ह्याजिल्ह्याची तथ्यपत्रकं निघतात. त्यावरून जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या सीईओंसाठी एका पानाचं टिपण तयार होतं. अशा टिपणात मला हमखास एक वाक्य सापडतं: ‘जिल्ह्यातील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले आहे.’ हे वाक्य वाचून कुणाला तरी नोटीस निघते. म्हणून ते नीट तपासायला हवं.

समजण्यासाठी एक काल्पनिक जिल्हा घेऊ. पाच वर्षांखालच्या २५० मुलांची उंची मोजली, त्यांतली ९० मुलं वयाच्या मानाने फारच बुटकी निघाली. म्हणजे ३६ टक्के. आता हीच पाहणी दुसऱ्या २५० मुलांवर केली असती तर? कधी ३३ आले असते, कधी ३९. नुसत्या निवडीच्या योगायोगाने होणारा हा फरक मोजता येतो. २५० मुलं जिल्हाभरातून एकेक करून चिठ्ठ्या टाकून निवडली, तर तो दोन्ही बाजूंना साधारण सहा टक्के येतो.

पण मुलं तशी निवडलेली नसतात. सर्वेक्षणात आधी गावं किंवा शहरातले विभाग निवडतात आणि मग त्या प्रत्येक ठिकाणी २२ घरं. शितावरून भाताची परीक्षा होते ती एका भांड्यातल्या भाताची. इथे प्रत्येक गाव हे वेगळं भांडं आहे. एका गावातल्या घरांचं पाणी एकाच विहिरीचं, अंगणवाडी तीच, दुष्काळ पडला तर सगळ्यांनाच पडलेला. त्यामुळे त्याच गावातलं विसावं घर पहिल्या घरापेक्षा फारसं नवीन काही सांगत नाही. २५० मुलांकडून मिळणारी माहिती प्रत्यक्षात १६०-१७० सुट्या मुलांइतकीच भरते, असं धरू. मग फरक सहावरून सातच्या वर जातो. आपला ३६ हा आकडा खरं तर ‘२९ ते ४३ च्या दरम्यान कुठेतरी’ असा आहे, आणि तोही वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर ठरेल अशा हिशोबाने.

मागच्या फेरीतले ३१ सुद्धा असेच, साधारण २४ ते ३८. दोन्ही आकडे डळमळीत असले की त्यांच्या वजाबाकीत डळमळ आणखी वाढते. पाचच्या वाढीला दोन्हीकडे दहाचा फरक लागतो. म्हणजे प्रमाण १५ टक्क्यांनी वाढलेलं असू शकतं किंवा ५ टक्क्यांनी घटलेलंही. ‘वाढले’ म्हणायला आधार नाही, आणि ‘वाढले नाही’ म्हणायलाही नाही. दोन जिल्ह्यांत तीन-चार टक्क्यांचं अंतर असेल तर क्रमवारी लावण्यालाही हेच लागू आहे. तालुकानिहाय आकडा तर या पाहणीतून काढूच नये, कारण एखाद्या तालुक्यात निवडलेली गावं मोजकीच असतात.

तथ्यपत्रक स्वतः हे लपवत नाही. ज्या टक्केवारीमागे २५ ते ४९ जणच आहेत ती कंसात छापतात आणि २५ हून कमी असतील तर आकड्याऐवजी तारांकन. टिपणात उतरवताना कंस गळतो आणि तिथेच घोटाळा होतो.

ही झाली योगायोगाची चूक. मोजणारा हात चुकला तर त्याचा हिशोब या २९ ते ४३ मध्ये नसतो. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात. बाळ रडत असतं, पाय आखडून घेतं, गुडघे सरळ दाबून धरले नाहीत तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज कमी भरतो. जन्मतारखेचा कागद नसेल आणि आईने ‘दीड वर्षाचा असेल’ म्हटलं, तर पंधरा महिन्यांचं मूल अठरा महिन्यांचं म्हणून नोंदलं जातं आणि उगाच बुटकं ठरतं.

तारखाही बघाव्यात. पाचव्या फेरीवर २०१९-२१ असं लिहिलंय, पण महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये आटोपलं होतं. राज्याचा आकडा चौथ्या फेरीतल्या ३४.४ वरून ३५.२ झाला. एवढ्याशा फरकाला वाढ म्हणणं धाडसाचं, आणि त्याचं खापर कोविडवर फोडणं तर अशक्यच.

मग अधिकाऱ्याने ठरवायचं कसं? २९ ते ४३ या पट्ट्याची दोन्ही टोकं धरून बघायचं. जागतिक आरोग्य संघटना ३० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाणाला ‘अतिशय जास्त’ आणि २० ते ३० ला ‘जास्त’ म्हणते. खरा आकडा २९ असो की ४३, पोषणावरचा खर्च कमी करण्यासारखी परिस्थिती नाही. तो निर्णय आजच घेता येतो. कुणाचं काम बिघडलं, हे मात्र यातून ठरत नाही.

आपल्या जिल्ह्याचं टिपण मी असं लिहीन: ‘पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी साधारण ३६ मुलांची वाढ खुरटलेली आहे, खरा आकडा २९ ते ४३ च्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे. मागील फेरीपेक्षा प्रमाण वाढले की घटले, हे या पाहणीवरून सांगता येत नाही. हे आकडे २५० मुलांच्या मोजमापावर आधारित असून तालुक्यांच्या तुलनेसाठी वापरू नयेत.’