बुडाखालचा 'एम' आणि 'एन': जुन्या जपानी सेटची जोडी लावताना

भुसावळला माझ्या मामींकडे एक डिनर सेट आहे, पांढरा, काठाला बारीक गुलाबी फुलं आणि सोनेरी रेघ. मामींच्या सासऱ्यांनी तो १९४७ साली रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतला, साहेब विलायतेला परत चालला होता आणि सगळं सामान विकून टाकत होता. मागच्या दिवाळीत त्यातल्या दोन मोठ्या प्लेटी फुटल्या. मामींनी मुंबईच्या एका जुन्या सामानवाल्याला फोटो पाठवला, त्याने सांगितलं जपानच्या नोरिताके कंपनीचाच आहे, अगदी सेम, आणि दोन प्लेटी पाठवून दिल्या. आल्या तर खरंच नोरिताके होत्या, फुलंही जवळपास तशीच, पण टेबलावर मांडल्या की लगेच वेगळ्या दिसायच्या.

दोन्ही प्लेटी उलट्या केल्या तेव्हा कळलं. जुन्या प्लेटीच्या शिक्क्यात पानांच्या गोल माळेत एम अक्षर, नव्यांच्या माळेत एन. एम म्हणजे मोरिमुरा, ज्या व्यापारी घराण्याने १९०४ मध्ये जपानमध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावात कारखाना काढला त्यांचं नाव. एन म्हणजे नोरिताके, तो शिक्का १९५३ पासूनचा. म्हणजे साहेबाने १९४७ ला विकलेल्या सेटला एनवाली प्लेट जुळणारच नव्हती, हे फोटो पाठवायच्या आधीच कळलं असतं.

आता एमच्या खाली देशाचं नाव काय आहे ते बघायचं, कारण वर्ष खरं तिथूनच निघतं, आणि त्यामागे अमेरिकेचा कायदा आहे. १८९० च्या मॅकिन्ले कायद्यामुळे १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशात बनला ते लिहिणं सक्तीचं झालं. जपानी लोकांनी 'निप्पॉन' लिहिलं, तीस वर्षं ते चाललं, मग १९२१ मध्ये अमेरिकेच्या कस्टमने ठरवलं की हा जपानी शब्द आहे, इंग्रजीत 'जपान' लिहा. म्हणून 'निप्पॉन' दिसलं की साधारण १८९१ ते १९२१, आणि एमच्या माळेखाली 'मेड इन जपान' असेल तर त्यानंतरचं, महायुद्धाआधीचं. मामींच्या प्लेटीवर हेच आहे. (निप्पॉनचे खोटे शिक्केही पुष्कळ आहेत, त्यातल्या एका नेहमीच्या प्रकारात माळेत अक्षराऐवजी वाळूच्या घड्याळासारखी आकृती असते, ते नीट बघा.)

युद्धानंतरची एक गोष्ट मला फार भावते. १९४६ ते १९४८ या काळात कंपनीने आपल्या मालावर नोरिताके हे नावच घातलं नाही, 'रोझ चायना' असा शिक्का मारला, कारण युद्धाने कच्चा माल आणि कारागीर दोन्हींची वाताहत झालेली आणि पूर्वीचा दर्जा जमत नव्हता. म्हणून गुलाबाचा शिक्का दिसला की ही दुसरी कंपनी असं समजून ती प्लेट बाजूला टाकू नका, ती त्यांचीच आहे, फक्त तुमच्या सेटच्या काळातली नाही.

पण शिक्का एवढाच पुरावा धरला तर फसाल. शिक्का ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर छापलेला असला तर घासून घासून पुसट होतो, नखाने हळूच बघा, हलका उंचवटा लागतो. मग बुडाची कडा बघा. जिच्यावर प्लेट टेकते ती गोल कडा मामींच्या प्लेटीला खरबरीत आणि ग्लेझ नसलेली आहे, पोर्सिलेन भट्टीत त्याच कडेवर उभं राहतं ना, म्हणून तिथे ग्लेझ ठेवत नाहीत, नाहीतर ते खालच्या फळीला चिकटेल. साध्या मातीच्या इंग्रजी प्लेटीला बऱ्याचदा मागे तीन बारीक ठिपके दिसतात, ते भट्टीतल्या टेकूचे. आणि टॉर्च मागे धरून बोट हलवून बघा, पोर्सिलेनमधून सावली दिसते, तशा प्लेटीतून दिसत नाही.

आमच्या प्लेटींचा फरक मात्र पांढऱ्या रंगात होता, जुनीचं पांढरं जरा करडं, आलेल्यांचं जास्त शुभ्र, आणि हे ट्यूबलाईटखाली कळलं नाही, ओट्यावर खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवल्यावर कळलं.

युद्धाआधीच्या पुष्कळ प्लेटींवर डिझाईनचं नाव किंवा नंबर नसतो, म्हणून पुढची नक्षीच जुळवावी लागते. आम्ही बटर पेपरवर काठाची एक हात-दीड हात नक्षी उतरवली, फुलापासून फुलापर्यंतचं अंतर मोजलं, आणि प्लेटीचा व्यास, २५ सेंटिमीटर, पट्टीने तीन ठिकाणी मोजला. मग विकणाऱ्याकडे चारच गोष्टी मागितल्या: शिक्क्याचा जवळून फोटो, बुडाच्या कडेचा, दिवसाच्या उजेडातला पुढचा, आणि पट्टी ठेवून व्यासाचा. त्यात तिघे जण गळाले, चौथ्याकडे एमवाली एक प्लेट निघाली, बटर पेपर तिच्यावर ठेवला आणि फूल फुलावर बसलं. दुसरी अजून मिळालेली नाही, मामी सात प्लेटीच मांडतात.