लोणच्याच्या बरणीत मीठ, साखर आणि तेल काय काम करतात?

आमच्याकडे ग्राहकांची एक मागणी नेहमी असते: "मीठ थोडं कमी टाका ना." ती आम्ही का टाळतो, ते इथे सांगतो.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळपर्यंत पातेल्यात खार सुटलेला असतो. मिठाने ते पाणी फोडींतून ओढून घेतलेलं असतं. जंतू मिठात सापडला की त्याच्या पेशीतलंही पाणी असंच बाहेर ओढलं जातं. लोणच्यात पाणी भरपूर असतं, पण मिठाने धरून ठेवल्यामुळे ते जंतूंच्या वाट्याला येत नाही. मोकळ्या पाण्याच्या या मापाला 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप 1 असतं. नासवणारे बहुतेक बॅक्टेरिया 0.91च्या खाली वाढत नाहीत, पण बुरशी साधारण 0.80पर्यंत तग धरते.

एक किलो फोडींत साधारण 850 ग्रॅम पाणी असतं. त्यात 150 ग्रॅम मीठ मुरलं की माप 0.89च्या आसपास येतं. मीठ 100 ग्रॅमवर आणलं तर ते 0.93वरच थांबतं, म्हणजे बॅक्टेरियांना वाव राहतो. कैरीचा आंबटपणा त्यांना बराच रोखतो, तरी सगळा भार आम्ही त्याच्यावर टाकत नाही. घरी करताना सुटलेला खार ओतून दिलात तर त्याच्याबरोबर मीठही जातं, हे लक्षात ठेवा.

साखरही पाणी असंच धरते, पण वजनाच्या मानाने तिचा जोर फार कमी. तेवढ्याच पाण्याचं माप 0.89वर आणायला साखर सव्वा किलोहून जास्त लागते. म्हणून साखरांब्यात फोडींच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त साखर पडते आणि पाक आटवावा लागतो. पाक कच्चा राहिला तर यीस्ट वाढतं, फसफस होते आणि झाकण उघडताना हवा सुटते.

तेलाबद्दल मात्र गैरसमज आहे. तेल मोकळं पाणी कमी करत नाही. बुरशीला हवा लागते, आणि तेल ती हवा तोडतं. म्हणून फोडींवर निदान अर्धा सेंटीमीटर तेल हवं. पातळी उतरली तर तेल कडक तापवून, पूर्ण गार करून वर ओता. पण पुरेसं मीठ वा आंबटपणा नसताना नुसत्या तेलात भाजी किंवा लसूण मुरवून बाहेर ठेवू नका. हवा नसतानाच वाढणारे विषारी जंतू तिथे वाढू शकतात.

ओल्या चमच्याचं पाणी तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवर पडलं की तेवढ्याच जागेचं मीठ पातळ होतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. गरम लोणचं भरून लगेच झाकण लावलं तर झाकणाला धरलेली वाफही थेंब होऊन तशीच पडते.

फोडीवर पांढरं दिसलं तर थोडं कोमट पाण्यात टाकून पाहा. विरघळलं तर मिठाचे खडे आहेत. कापसासारखं लवदार असेल तर बुरशी आहे, आणि मग वरचा थर काढून भागत नाही, सगळी बरणी टाकून द्यावी लागते.